मॅडम, माझ्याविषयी लिहाल का?

रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास फोनवर संदेश आला. ‘आदरणीय मॅडम, नमस्कार. मी तुमची विद्यार्थिनी. ओळखलंच असेल. मला स्कॉलरशिपसाठी एलओआर हवं आहे. उद्या शेवटची तारीख आहे. प्लीज लगेच पाठवा.’ खाली नाव नव्हतं. तो नंबर माझ्याकडे साठवलेला नव्हता. फोटोत समुद्राकाठी पाठमोरी उभी असलेली एक मुलगी.

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मी अठ्ठावीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. बी.एस्सी.ची बॅच साठ-सत्तर जणांची असायची, एम.एस्सी.ची वीसेक. नाव विचारून घेतलं, जुनी डायरी काढली, चेहरा अंधूक आठवला. त्याच रात्री मी पत्र लिहिलं: मुलगी कष्टाळू आहे, नियमित आहे, स्वभावाने नम्र आहे, तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. ते पत्र त्या वर्गातल्या कुणाच्याही नावावर चाललं असतं. तिला मदत करण्याची माझी मनापासून इच्छा होती, पण मदत करता येईल असं काही त्या संदेशात नव्हतं आणि तिच्याकडून मागवून घ्यायला वेळ नव्हता. त्या पत्राची खंत मला अजून आहे.

शिष्यवृत्तीच्या निवड समितीकडे अर्जदाराची गुणपत्रकं असतात, त्याने स्वतःविषयी लिहिलेला निबंध असतो, नोकरीचे दाखले असतात. तरीही ती दोन किंवा तीन जणांची पत्रं मागते, कारण तिला साक्ष हवी असते. या माणसाला काम करताना कुणी पाहिलं आहे, काय पाहिलं, आणि त्यावरून पुढच्या अभ्यासाविषयी काय म्हणता येईल, हे तिला ऐकायचं असतं. साक्षीदाराची अडचण अशी की पाच-सहा वर्षं उलटून गेलेली असतात. शिक्षकाला विद्यार्थी आठवतो, पण प्रसंग आठवत नाहीत. शिफारसपत्र मागणाऱ्याने पत्र मागतानाच शिक्षकाची आठवण जागी करून द्यायची असते. मात्र त्या आठवणीवरून निष्कर्ष काढण्याचं काम त्याने शिक्षकाकडेच ठेवायला हवं. हे मला एका विद्यार्थिनीच्या पत्राने शिकवलं, आणि आज तेच पत्र वाचकांपुढे ठेवायचं आहे.

त्याआधी, विचारायचं कुणाला याविषयी थोडं. मुलं बऱ्याचदा प्राचार्यांकडे जातात, कुलगुरूंची ओळख काढतात, कुणी आमदारांचं पत्र आणतं. पद मोठं असलं की पत्राला वजन येईल असं वाटतं. पण ज्याने वर्गात किंवा प्रयोगशाळेत आपल्याला पाहिलेलं नाही, तो लिहिणार काय? आपल्याकडचं या बाबतीतलं सर्वांत बोलकं उदाहरण कृष्णराव अर्जुन केळुस्करांचं आहे. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी, म्हणजे केळुस्कर त्यांचे वर्गशिक्षकही नव्हते. पण चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा पुस्तक घेऊन बसलेला त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला होता, त्याच्याशी बोलणं होत होतं. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा केळुस्करांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. केळुस्करांकडे मोठं पद नव्हतं. त्या मुलाविषयी स्वतः पाहिलेलं सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही होतं.

आता त्या दुसऱ्या विद्यार्थिनीकडे येते. ती फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपसाठी अर्ज करत होती. भारतात ही शिष्यवृत्ती युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन ही १९५० साली स्थापन झालेली संस्था चालवते. मास्टर्सच्या या फेलोशिपला पदवीबरोबर काही वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि तीन शिफारसपत्रं लागतात. तिचा विषय सार्वजनिक आरोग्य. तिने मला पहिली मेल २० मार्चला पाठवली. तिच्या परवानगीने ती इथे देते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

‘विषय: शिष्यवृत्तीच्या शिफारसपत्राविषयी विनंती – एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, २०१७ ते २०१९

‘आदरणीय मॅडम, सादर नमस्कार.

‘मी २०१७ ते २०१९ या काळात आपल्या विभागात एम.एस्सी. करत होते. दुसऱ्या वर्षी विहिरींच्या पाण्याचा प्रकल्प तुमच्या मार्गदर्शनाखाली केला. खिडकीजवळच्या टेबलावर आमची दोघींची जोडी होती. तेव्हाचं माझं आडनाव वेगळं होतं. तुमच्या हजेरीपटात ते सापडेल. दोन्ही नावं खाली लिहिली आहेत. सध्या मी एका स्वयंसेवी संस्थेत गावांमधल्या पाण्याच्या तपासणीचं काम करते. त्याला चार वर्षांहून अधिक काळ झाला.

‘यंदा मी फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपसाठी अर्ज करते आहे. तीन शिफारसपत्रं लागतात. प्रयोगशाळेतलं माझं काम तुमच्याइतकं जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला विचारते आहे. माझ्याविषयी सविस्तर आणि मनापासून लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का? वेळ नसेल, किंवा इतक्या वर्षांनी नीट आठवत नसेल, तर निःसंकोच सांगा. मला अजिबात वाईट वाटणार नाही, आणि दुसरीकडे विचारायला हातात वेळ आहे.

‘पत्र १५ मेपर्यंत ऑनलाइन भरायचं आहे. तुमचा होकार आला तर दोन पानांचं टिपण पाठवते, म्हणजे तुम्हाला जुनं काही शोधत बसावं लागणार नाही. तब्येतीची काळजी घ्या.

‘तुमची विद्यार्थिनी.’

खाली दोन्ही नावं, हजेरी क्रमांक आणि फोन.

या मेलमध्ये तिने काहीच जोडलं नव्हतं. प्रश्न एकच विचारला, आणि नकार द्यायला जागा ठेवली. सुरुवातीला मला ही नुसती नम्रता वाटली. विचार केल्यावर कळलं की यात तिचाही स्वार्थ आहे. संकोचापोटी ‘हो’ म्हटलेला शिक्षक कोमट पत्र लिहितो, आणि समिती असं पत्र नकारासारखंच वाचते. ‘सविस्तर लिहिता येईल का’ या प्रश्नाला शिक्षकाने ‘बघतो’, ‘पाठवून ठेव’ असं मोघम उत्तर दिलं, तर तो नकार समजावा आणि दुसऱ्या माणसाकडे वळावं. आठ आठवडे आधी विचारलेलं असलं तरच असं वळता येतं. मार्च-एप्रिल म्हणजे महाविद्यालयांत परीक्षा आणि पेपर तपासणीचा हंगाम, हेही तिने हिशेबात धरलं होतं.

आडनावाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आपल्याकडे तो मुलींना हमखास आडवा येतो. गुणपत्रकावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि शिक्षकाच्या डोक्यात तिसरंच, म्हणजे हाक मारायचं नाव. शिफारसपत्रात अर्जावरचं नाव जसंच्या तसं, त्याच स्पेलिंगने यावं लागतं. तिने दुसऱ्या मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: ‘पत्रात हे नाव वापरावं, एम.एस्सी.च्या वेळी नाव हे होतं, असा एका ओळीचा उल्लेख केला तर बरं होईल.’

मी होकार कळवला आणि दोन दिवसांत टिपण आलं. दोनच पानं, सोबत गुणपत्रक, अर्जातल्या निबंधाचा कच्चा खर्डा आणि आमच्या प्रकल्प अहवालाचं पहिलं पान. टिपणाची सुरुवात कोरड्या माहितीने होती: मी तिला कोणत्या सत्रांना कोणता विषय शिकवला, प्रॅक्टिकल किती सत्रं घेतली, प्रकल्पाचं मार्गदर्शन कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत केलं. ही माहिती देताना पुष्कळ विद्यार्थी संकोचतात. मॅडमना हे काय सांगायचं, असं त्यांना वाटतं. पण ऑनलाइन फॉर्ममध्ये बहुधा पहिला प्रश्न हाच असतो: अर्जदाराला तुम्ही किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता? निवृत्त माणसाला ही सालं जुळवायला अख्खी दुपार लागते.

पुढच्या परिच्छेदात तिने बाकीची दोन पत्रं कोण लिहिणार हे सांगितलं होतं. संस्थेच्या प्रमुख तिच्या गावांतल्या कामाविषयी आणि माणसांना बरोबर घेण्याविषयी लिहिणार होत्या. एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तिच्याबरोबर जुलाबाच्या साथीत काम केलं होतं. ते त्याविषयी लिहिणार होते. ‘तुम्ही प्रयोगशाळेतल्या कामाविषयी लिहिलंत तर तिन्ही पत्रं मिळून पूर्ण चित्र होईल.’ या एका वाक्याने माझं निम्मं काम हलकं झालं. तिच्या समाजकार्याविषयी मला ऐकीव माहिती होती आणि एरवी तीच मी पत्रात भरली असती. ऐकीव माहितीची साक्ष कुणीच मानत नाही, आणि तिन्ही पत्रांत तेच तेच आलं तर तीन पत्रं मागण्याला अर्थ उरत नाही.

मग प्रसंग. तिने तीनच लिहिले होते. त्यातला एक सविस्तर सांगते, कारण टिपणाचा सगळा जीव त्यात होता.

आमच्या पंचक्रोशीतल्या आठ विहिरींचं पाणी पिण्यायोग्य आहे का, हा तिचा प्रकल्प. विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या जिवाणूंचा माग घ्यायची जुनी, कमी खर्चाची पद्धत अशी: दुग्धशर्करा असलेलं माध्यम नळ्यांमध्ये भरायचं, प्रत्येक नळीत एक छोटी नळी उपडी ठेवायची, ते सगळं ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायचं आणि मग ठरावीक मापाने पाणी घालून ३७ अंशांवर एक-दोन दिवस ठेवायचं. ते जिवाणू असतील तर शर्करा आंबते, माध्यमाचा रंग बदलतो आणि उपड्या नळीत वायूचा बुडबुडा धरतो. किती नळ्यांमध्ये बुडबुडा आला यावरून तक्त्यात पाहून जिवाणूंच्या संख्येचा अंदाज काढतात. सोबत एक कंट्रोल नळी ठेवायची असते. तिच्यात विहिरीचं पाणी घालायचं नाही. तिच्यात बुडबुडा आला तर तुमचं माध्यमच बिघडलेलं आहे.

तिच्या टिपणात लिहिलं होतं: ‘ऑक्टोबर २०१८. पहिल्या तीन आठवड्यांत चोवीसपैकी बारा नमुने झाले होते. चौथ्या आठवड्यात प्रथमच कंट्रोल नळ्या लावल्या आणि त्यांतही वायू आला. आधीच्या तीन आठवड्यांत मी कंट्रोल लावलेच नव्हते, त्यामुळे ते बारा निकाल खरे की खोटे हे सांगता येत नव्हतं. मी तुम्हाला तसं सांगितलं. ऑटोक्लेव्हच्या झाकणाची रबरी गॅस्केट झिजली होती, दाब १५ पौंडांवर टिकत नव्हता. ती बदलल्यावर बाराही नमुने पुन्हा गोळा केले. अहवालाच्या पान ३१ वर पहिले निकाल का वगळले याची नोंद आहे.’

एवढंच. ‘मी प्रामाणिक आहे’ हे वाक्य त्यात कुठेच नव्हतं. ‘माझी चिकाटी’ असा शब्दही नव्हता. तारीख होती, चूक कुणाची हे होतं, पुढे काय केलं हे होतं, आणि मला पडताळून पाहायला पान क्रमांक होता. वाचता वाचता ती संध्याकाळ माझ्यापुढे उभी राहिली, टिपणात नसलेल्या तपशिलांसह. जर्नल छातीशी धरून ती स्टाफरूमच्या दारात उभी होती. तक्त्यावर लाल पेनाने आडवी रेघ मारूनच ती आली होती. मी विचारलं होतं, ‘जोडीदारीण काय म्हणते?’ ती म्हणाली, ‘तिला वाटतंय की निकाल साधारण बरोबरच असतील, राहू द्यावेत. पण मॅडम, त्या गावात लोक हे पाणी पितात.’

हे शेवटचं वाक्य ती स्वतः विसरली होती. मला आठवलं, आणि माझ्या पत्राचा मुख्य परिच्छेद त्यावर उभा राहिला. टिपण असं असावं की वाचून शिक्षकाला टिपणापलीकडचं आठवावं. विशेषणं लिहून पाठवली की शिक्षक ती उतरवून काढतो. पान क्रमांक पाठवला तर तो अहवाल उघडून बघतो.

दुसरे दोन प्रसंग छोटे होते. एक कनिष्ठ वर्गाच्या प्रॅक्टिकलला मदत केल्याचा, दुसरा विभागाच्या चर्चासत्रात तिने विचारलेल्या प्रश्नाचा. दुसरा मी वापरला नाही, कारण मला तो खरोखरच आठवेना. हे मी तिला कळवलं. तिने काही आग्रह धरला नाही.

टिपणात एक उणी गोष्टही होती. ‘एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रात जीवरसायनशास्त्रात मला ए.टी.के.टी. लागली होती. त्या वेळी बाबा रुग्णालयात होते. पुढच्या प्रयत्नात विषय सुटला. गुणपत्रकात हे दिसतंच. याचा उल्लेख करायचा की नाही हे तुम्ही ठरवावं.’ मी उल्लेख केला. विद्यार्थ्याने स्वतःच्या अर्जात हे कारण दिलं तर ते सबबीसारखं वाचलं जातं. त्या काळात रोज वर्गात दिसणाऱ्या शिक्षकाने सांगितलं तर ते माहितीसारखं वाचलं जातं. मात्र शिक्षकाला हे माहीत नसेल तर गुणपत्रक पाहून तो गप्प राहतो, आणि समितीसमोर तो आकडा स्पष्टीकरणाविना राहतो.

शेवटी अर्धं पान शिष्यवृत्तीविषयी. देणाऱ्यांना काय हवं आहे हे तिने त्यांच्याच शब्दांतून थोडक्यात उतरवलं होतं: नेतृत्व, समाजासाठी केलेलं काम, आणि शिकून परतल्यावर भारतात काय करणार. ती कोणता अभ्यासक्रम निवडणार आणि तो का, हे चार ओळींत. तिच्या जिल्ह्यात पाण्याचे नमुने तपासले जातात, पण अहवाल गावात पोचेपर्यंत साथ येऊन गेलेली असते; हा मधला वेळ कसा कमी करायचा हे तिला शिकायचं होतं. हे वाचल्यावर मला विहिरींचा जुना प्रकल्प आणि आजचा अर्ज यांना जोडणारा धागा दिसला. ‘हुशार आहे, पुढेही चमकेल’ असं मोघम लिहिण्याऐवजी, या अभ्यासाला ती का योग्य आहे हे मला लिहिता आलं.

आता एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलायला हवं, कारण ती आपल्याकडे सर्रास चालते. विद्यार्थी पत्र मागायला जातो आणि सर म्हणतात, ‘तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो.’ सरांवर कामाचा बोजा असतो हे मला माहीत आहे. मीही कधीकाळी हे केलं आहे. पण त्यातून काय होतं? एकच विद्यार्थी तिन्ही पत्रं लिहितो. तिन्हींत वाक्यांची ठेवण तीच, लाडके शब्द तेच, आणि तिन्हींत अर्जदाराच्या निबंधातली वाक्यं. असे अर्ज पुष्कळ वाचलेल्या माणसाला ते ओळखायला वेळ लागत नाही, आणि मग संशय अख्ख्या अर्जावर येतो. शिवाय स्वतःविषयी लिहिताना माणूस एकतर संकोचतो किंवा भरमसाट लिहितो. ‘माझ्या बारा वर्षांच्या शिकवण्याच्या काळात असं काम करणारे दोन-तीनच विद्यार्थी मी पाहिले’ हे वाक्य विद्यार्थ्याला लिहिताच येत नाही, कारण ती तुलना फक्त शिक्षकाकडे असते. आणि बऱ्याच फॉर्ममध्ये नेमकी तीच विचारलेली असते: तुम्ही शिकवलेल्यांमध्ये हा विद्यार्थी वरच्या पाच टक्क्यांत येतो, दहा टक्क्यांत, की पंचवीस?

मग अशा सरांना काय उत्तर द्यावं? वाद घालू नये. ‘सर, पत्र अर्जदाराने लिहू नये असं ते सांगतात, मी तुम्हाला सगळे मुद्दे आणि तारखा एका कागदावर देतो, तुम्हाला वीस-पंचवीस मिनिटांत लिहिता येईल’ असं सांगून टिपण पुढे करावं. माझा अनुभव असा की सरांना लिहायचा कंटाळा फारसा नसतो. कोऱ्या कागदासमोर बसायचा असतो. टिपण समोर असलं की तो कागद कोरा राहत नाही. इंग्रजीचा संकोच हेही एक खरं कारण असतं, विशेषतः मराठी माध्यमात आयुष्य गेलेल्या शिक्षकांना. त्यांना एवढं सांगितलं तरी पुरतं की साधी, छोटी वाक्यं चालतील, जे पाहिलं तेच लिहावं. टिपणातले प्रसंग सोप्या इंग्रजीतही लिहून दिले की प्रयोगशाळेतल्या वस्तूंची आणि पद्धतींची नावं शोधण्याचा त्रास वाचतो. माझ्या विद्यार्थिनीने टिपण मराठीत आणि तांत्रिक शब्दांची यादी इंग्रजीत दिली होती.

गोपनीयतेविषयी. अमेरिकेतल्या अर्जांमध्ये अर्जदाराला बहुधा एक प्रश्न येतो: हे पत्र पुढे पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? तिकडे १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःची शैक्षणिक कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला आहे, त्यातून हा प्रश्न आला. हक्क सोडला तर समितीला कळतं की शिक्षकाने मोकळेपणाने लिहिलं आहे, म्हणून बहुतेक जण तो सोडतात. आपण काय निवडलं हे शिक्षकाला सांगावं. आणि हक्क सोडल्यावर ‘मॅडम, एकदा बघू का काय लिहिलंय?’ असं विचारू नये. आपल्याकडे गुरूकडे असं विचारणं आपुलकीचं वाटतं, पण त्याने शिक्षकाची अडचण होते.

मग येतात यंत्रांच्या तक्रारी, आणि त्या काही कमी नसतात. हल्ली पत्र अर्जदाराच्या हाती द्यायचं नसतं. अर्जदार फॉर्ममध्ये शिक्षकाचं नाव आणि ईमेल भरतो, शिक्षकाला आपोआप एक मेल जाते आणि त्यातल्या लिंकवरून पत्र थेट भरायचं असतं. माझी पहिली लिंक स्पॅममध्ये गेली होती. विद्यार्थिनीने मला त्याच दिवशी फोन करून सांगितलं की मेल अमुक नावाने येईल, इनबॉक्समध्ये नसेल तर स्पॅममध्ये पाहा. नाहीतर मी वाट पाहत राहिले असते आणि तिला वाटलं असतं की मॅडम टाळत आहेत. दुसरी गोष्ट ईमेलची. शिक्षकाचा महाविद्यालयाचा पत्ता असेल तर तोच द्यावा. खाजगी पत्त्यावरून आलेल्या पत्राची जास्त छाननी होऊ शकते. मी निवृत्त असल्याने माझ्याकडे तो नव्हता. मी पत्रात निवृत्तीचं वर्ष आणि पूर्वीचं पद लिहिलं, आणि विभागप्रमुखांच्या परवानगीने विभागाचा फोन क्रमांक दिला. लेटरहेड मात्र वापरलं नाही. निवृत्तीनंतर तो अधिकार माझा नाही. हे पेच विद्यार्थ्याने आधीच विचारून घ्यावेत, कारण शेवटच्या दिवशी महाविद्यालयाचं कार्यालय बंद असू शकतं.

तिने आठवण दोनदा केली. एकदा तीन आठवडे आधी, एकदा सहा दिवस आधी, दोन्ही वेळा दोन ओळींत, आणि दोन्ही वेळा लिंक पुन्हा जोडून. जुनी मेल शोधायला लावली नाही. मी ९ मे रोजी पत्र भरलं. लिहायला एक तास लागला, आणि त्यातला बराचसा वेळ मी त्या अहवालाचं पान ३१ वाचत होते.

त्या वर्षी ती मुलाखतीपर्यंत पोचली, पण निवड झाली नाही. हे तिने मला स्वतःहून कळवलं, निकाल आला त्याच आठवड्यात. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. बरीच मुलं निवड झाली नाही की लाजेने कळवतच नाहीत, आणि मग पुढच्या वर्षी पुन्हा पत्र मागायला त्यांना तोंड उरत नाही असं त्यांना वाटतं. शिक्षकाच्या मनात तसं काही नसतं. तिची मेल आली तेव्हा मी तिचं टिपण आणि माझं पत्र एका फोल्डरमध्ये ठेवून दिलं.

पुढच्या फेब्रुवारीत ती पुन्हा मेलवर आली, या वेळी ब्रिटनमधल्या एका शिष्यवृत्तीसाठी. टिपण पुन्हा पाठवलं नव्हतं. वर्षभरात बदललेल्या चार गोष्टी फक्त लिहिल्या होत्या: नवं पद, कामाची वाढलेली गावं, बदललेला अभ्यासक्रम, आणि या समितीला दोनच पत्रं हवी आहेत म्हणून आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचं पत्र नसेल, साथीतल्या कामाविषयी संस्थेच्या प्रमुख लिहितील. त्याखाली शेवटची ओळ: ‘मॅडम, विहिरींचा प्रसंग तसाच ठेवावा का, हे तुम्ही ठरवा.’ मी तो तसाच ठेवला.